ताप नव्हता, श्वास मात्र सव्वीस होता

मे महिन्याचा मध्य, नागपुरात पारा पंचेचाळीसच्या घरात. त्या दिवसांत आमच्या फीमेल मेडिकल वॉर्डात येणाऱ्या निम्म्या बायकांच्या केसपेपरवर एकच गोष्ट असते: उलट्या, अशक्तपणा, चक्कर, उन्हात गेल्या होत्या. घरचेही तेच सांगतात, "ऊन लागलं." बहुतेक वेळा ते खरं असतं. दोन-तीन सलाईन लागल्या की बाई उठून बसते आणि दुसऱ्या दिवशी घरी जाते. चौदा नंबरच्या बेडवरच्या आजीही अशाच आल्या होत्या आणि सहा तास सगळ्यांनी, मीसुद्धा, त्यांच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं. त्यांना झालेलं होतं सेप्सिस.

आजींचं वय ६२, वजन ५४ किलो, राहणार काटोलकडच्या एका गावात, घरची संत्र्याची बाग. दहा-बारा वर्षांपासून डायबेटिस, गोळ्या चालू पण अधूनमधून चुकवलेल्या. दोन दिवस उलट्या, जेवण नाही, उजव्या कुशीत दुखणं. ते दुखणं उलट्यांमुळे असावं असं सगळ्यांनी धरलं. दुपारी दोनला भरती केलं. निदान लिहिलं: डिहायड्रेशन, अनियंत्रित मधुमेह. हाताच्या मागच्या बाजूला निळी इंट्राकॅथ, नॉर्मल सलाईन सावकाश.

रात्री आठला माझी ड्यूटी सुरू झाली. हँडओव्हरमध्ये चौदा नंबरसाठी एकच वाक्य होतं: "डिहायड्रेशन, एनएस चालू, व्हायटल्स स्टेबल." त्या संध्याकाळी शिफ्टला दोन सिस्टर होत्या आणि वॉर्ड भरलेला होता. मी कोणाला दोष देत नाही. पण तो चार्ट आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण पुढचं सगळं त्यातच लिहिलेलं होतं.

दोन वाजता: नाडी १०४, बीपी ११८/७०, श्वास १८, ऑक्सिजन ९६, ताप ३७.०. सहा वाजता: नाडी ११२, बीपी ११०/६८, श्वास १८, ऑक्सिजन ९५, ताप ३६.६. नाडी चढतेय, बीपी उतरतंय, ऑक्सिजन एका अंकानं खाली. श्वास मात्र जिथल्या तिथे, अठरा. पानं मागे उलटली तर शेजारच्या बेडचा श्वासही अठरा आणि त्याच्या पलीकडचाही अठरा. हा आकडा मोजून आलेला नसतो, सवयीनं आलेला असतो. नाडी, बीपी, ऑक्सिजन, ताप हे सगळं यंत्र सांगतं. श्वास मोजायला सिस्टरला साठ सेकंद उभं राहावं लागतं, म्हणून गर्दीच्या शिफ्टमध्ये तोच आधी गळतो. पहिली काही वर्षं मीही अठरा लिहीत होते.

सून काय म्हणाली

आठ चाळीसला मी राऊंड घेत चौदाजवळ आले. आजी डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या, माझ्याकडे पाहत होत्या. "आजी, कसं वाटतंय?" विचारल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी आली का? पेट्या मोजून घ्या." सून स्टुलावर बसली होती, तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "सिस्टर, संध्याकाळपासून आई अशाच बोलून राहिल्या. मे महिन्यात कुठून संत्र्याची गाडी येईल? मला पण त्यांच्या बहिणीच्या नावानं हाका मारून राहिल्या. ती तर वारली."

मी विचारलं, "हे कोणाला सांगितलं का?"

"सांगितलं ना. म्हणे ऊन डोक्यात गेलं, झोपू द्या."

सुनेच्या या एका वाक्याला तपासणीचं मोल होतं. पूर्वी शुद्ध तपासताना आपण एवढंच पाहायचो: जागा आहे का, हाकेला ओ देतो का, दुखवल्यावर हलतो का, की कशालाच प्रतिसाद नाही. त्या हिशेबात आजी जाग्या होत्या, म्हणजे शून्य गुण. न्यूज-२ हा रुग्ण किती बिघडलाय ते गुणांत सांगणारा, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा स्कोअर २०१७ मध्ये सुधारला गेला तेव्हा त्यात "नव्यानं आलेला गोंधळ" ही पायरी मुद्दाम घातली गेली आणि तिला थेट ३ गुण दिले गेले. गोंधळ नवा की जुना हे सिस्टरला आपल्या मनानं कळत नाही. ते घरचं माणूसच सांगू शकतं. म्हणून आता मी म्हाताऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला ठरवून एकच प्रश्न विचारते: "कालपर्यंत अशाच बोलायच्या का?"

मग मी श्वास मोजला. "श्वास मोजते" असं सांगून मोजला तर माणूस नकळत श्वास सांभाळून घेतो. म्हणून मी त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवला, वरून मनगट धरलं जणू नाडीच बघतेय, आणि घड्याळाकडे पाहत हाताचं वरखाली होणं मोजलं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका श्वासाची चूक चार होऊन बसते, म्हणून पूर्ण एक मिनिट. सव्वीस आले. खोल, न थांबणारे, जिना चढून आल्यासारखे. आणि बाई तर सहा तास पडून होती.

बाकीचं लगेच घेतलं. नाडी ११८, बीपी १०४/५८, ऑक्सिजन खोलीच्या हवेवर ९४, काखेत ताप ३६.०. न्यूज-२ लावला: श्वास २५ किंवा जास्त म्हणून ३, ऑक्सिजन ९४ म्हणून १, सिस्टॉलिक, म्हणजे बीपीचा वरचा आकडा, १०४ म्हणून १, नाडी ११८ म्हणून २, गोंधळ ३, ताप ३६.० म्हणून १. एकूण ११. सात किंवा जास्त म्हणजे तातडीची स्थिती. याच क्षणी मी श्वास अठरा लिहिला असता आणि सुनेचं ऐकलं नसतं, तर एकूण ५ भरले असते. ५ आले तरी डॉक्टरांना कळवावंच लागतं. पण उन्हाळ्यात भरलेल्या वॉर्डात ११ ऐकून डॉक्टर जिना धावत उतरतात, ५ ऐकून "बघतो" म्हणतात.

श्वास आधी का वाढतो, हे कळलं की तो मोजायचा कंटाळा जातो. सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नव्हे. इन्फेक्शनला शरीरानं दिलेला प्रतिसादच हाताबाहेर जातो आणि त्यातून अवयव बिघडू लागतात. पेशींना ऑक्सिजन नीट पोचत नाही किंवा वापरता येत नाही, लॅक्टेट साठतं, रक्त आंबट होतं. शरीराकडे ते आंबटपण घालवायचा झटपट मार्ग एकच: जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. त्यामुळे बोटावरचं यंत्र ९४-९५ दाखवत असतं, बीपी शंभराच्या वर असतं, आणि श्वास मात्र पंचवीसच्या पुढे गेलेला असतो. बीपी सर्वांत शेवटी पडतं, कारण रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून शरीर ते बराच वेळ टिकवून धरतं.

ऊन की आणखी काही

गोंधळलेला मधुमेही रुग्ण दिसला की पहिली मिनिटं साखरेची. साखर खाली गेली असेल तर बाकी सगळा विचार बाजूला ठेवावा लागतो. ग्लुकोमीटरवर ३१२ आली, म्हणजे गोंधळाचं कारण कमी साखर नव्हतं.

मग उन्हाचा प्रश्न. उष्माघातातही गोंधळ असतो, नाडी धावते, श्वास वाढतो. पण त्यात अंग भट्टीसारखं तापलेलं असतं, आतलं तापमान साधारण ४० च्या वर. काखेचं माप खोटं बोलू शकतं, म्हणून मी हातानंही पाहिलं. आजींचं पोट कोमट होतं आणि पाय गार, गुडघ्यांच्या वर जांभळट जाळी. पंचेचाळीस अंशांच्या दिवशी, कूलर दूर असताना पाय गार. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती लागतात ते मोजलं. तीन सेकंदांच्या आत यायला हवा. पाच लागले. सावळ्या त्वचेवर हा रंग पटकन दिसत नाही, म्हणून नखाखाली आणि बोटाच्या आतल्या बाजूला नीट उजेडात पाहायचं.

"ताप नाही" या गोष्टीनं दिवसभर सगळ्यांना गाफील ठेवलं होतं. म्हाताऱ्या माणसात, मधुमेहात, किडनीच्या रुग्णात सेप्सिसमध्ये ताप येतोच असं नाही, आणि ३६ च्या खाली उतरणारं तापमान चढलेल्या तापापेक्षा जास्त काळजीचं असतं. तसंच बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी फारशी वाढत नाही. तिथं नव्वदची नाडी पाहून निश्चिंत होता येत नाही.

स्कोअर नुसता "रुग्ण बिघडतोय" एवढंच सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. दम्याच्या झटक्यातही न्यूज-२ सातच्या वर जातो. म्हणून पाच किंवा जास्त आला की मी दुसरा प्रश्न विचारते: इन्फेक्शन कुठे असू शकेल? छाती, लघवी, पोट, त्वचा, लावलेल्या नळ्या. आजींच्या उजव्या कुशीत मागून हलकं ठोकलं तर त्या दचकून आक्रसल्या. लघवी कधी केली विचारलं तर सून म्हणाली, दुपारी आल्यापासून नाही. सात तास सलाईन चालू आणि लघवी शून्य. इथे चित्र पुरं झालं: लघवीच्या मार्गातल्या इन्फेक्शनमुळे सेप्सिस.

(पावसाळ्यात हाच शोध जरा वेगळा घ्यावा लागतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये स्कोअर चढलेला तापाचा रुग्ण आला की मी काखेत, जांघेत, स्तनांखाली आणि परकराची नाडी बसते त्या जागी या आजाराची काळी खपली शोधते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि त्या आजाराला डॉक्सिसायक्लिन लागतं, मोठमोठी इंजेक्शनं नव्हे.)

काही हॉस्पिटलांत क्यूसोफा वापरतात: श्वास २२ किंवा जास्त, सिस्टॉलिक १०० किंवा कमी, शुद्धीत बदल, यातले दोन असले की धोका. सोपं आहे, पण ते उशिरा बोलतं. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एकट्या क्यूसोफावर स्क्रीनिंग करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि न्यूज-२ ची मर्यादाही लक्षात ठेवावी: तो सोळा वर्षांखालील मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी नाही. सीओपीडीत, म्हणजे फुप्फुसांच्या जुन्या आजारात, कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाला ऑक्सिजनचा वेगळा तक्ता लागतो.

आठ चाळीस ते नऊ चाळीस

आमच्याकडे घड्याळ सुरू होतं ते स्कोअर पाहून संशय आला त्या मिनिटापासून, डॉक्टर येतात तेव्हापासून नव्हे. मी केसपेपरवर "८.४०, सेप्सिसचा संशय" असं लिहिलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, म्हणजे आरएमओंना, फोन लावला.

पहिला फोन फसला. मी म्हटलं, "सर, चौदा नंबर जरा बरं वाटत नाहीये," आणि उत्तर आलं, "सलाईनचा स्पीड वाढवा, ताप आला तर कळवा." ते दुसऱ्या वॉर्डात कोणाला तरी इंट्यूबेट करायच्या तयारीत होते. चूक माझी होती, मी त्यांना पकडायला काही दिलंच नव्हतं. फोन ठेवला आणि अर्ध्या मिनिटात परत लावला. या वेळी असं सांगितलं: "सर, चौदा नंबर, ६२ वर्षं, मधुमेह, उजव्या कुशीत दुखतंय. न्यूज ११ आहे. श्वास सव्वीस, मी पूर्ण मिनिट मोजलाय. संध्याकाळपासून नवा गोंधळ, साखर ३१२. सात तास लघवी नाही, पाय गार. मला युरोसेप्सिस वाटतंय. कल्चर आणि लॅक्टेट घेतेय, तुम्ही दहा मिनिटांत या, नाहीतर मी आयसीयूच्या डॉक्टरांना बोलावते." ते म्हणाले, "घ्या, आलो." आठ सेहेचाळीस झाले होते.

माझ्यासोबत एक सिस्टर होती, मागच्याच वर्षी जीएनएम झालेली. आम्ही कामं वाटून घेतली. तिच्याकडे मॉनिटर आणि इंट्राकॅथ, माझ्याकडे रक्त, मावशींकडे धावपळ.

निळी इंट्राकॅथ, म्हणजे २२ गेज, उन्हाळ्याच्या सावकाश सलाईनला चालते. पण आता अर्ध्या तासात लिटरभर पाणी द्यायचं होतं, आणि त्या बारीक नळीतून ते जात नाही. शिवाय हात थोडा सुजला होता, म्हणजे दुपारपासूनच्या सलाईनमधलं काही त्वचेखाली गेलेलं. डाव्या कोपराच्या खोबणीत हिरवी, १८ गेज, टाकली. कोपरात टाकायला एरवी सिस्टर कुरकुरतात, कारण हात वाकला की अलार्म वाजतो. पण पुढे बीपीचं औषध बाहेरच्या शिरेतून सुरू करावं लागलं तर ती मोठी शीरच बरी, आणि तशी वेळ आलीही.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी, हे या तासातलं सर्वांत जास्त चुकणारं काम आहे. अँटिबायोटिकचा थेंब जायच्या आधी घ्यायचं, दोन वेगळ्या जागांवरून, जुन्या इंट्राकॅथमधून कधीच नाही. कल्चर खरं ठरतं ते रक्ताच्या प्रमाणावर. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली हवं. तीन-चार मिली टाकून पाठवलेली बाटली जंतू असूनही रिकामी येऊ शकते, आणि मग सगळे म्हणतात, "कल्चर तर निगेटिव्ह आलं." त्वचा क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलनं अर्धं मिनिट घासली, आणि अर्धं मिनिट तशीच वाळू दिली. हे वाळणं औषधाचा भाग आहे, फुंकर मारून उरकायचं काम नव्हे. पुसल्यावर शीर परत बोटानं चाचपली नाही. बाटलीचं झाकण काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक नसतं, तेही अल्कोहोलनं पुसलं. आधी कल्चरच्या बाटल्या भरल्या, मग बाकीच्या ट्यूब: सीबीसी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, प्रोथ्रॉम्बिन. दुसऱ्या हातावरून दुसरा संच. सात मिनिटं लागली. शीर सापडत नसेल तर या कामावर अडून बसायचं नाही, कल्चरसाठी अँटिबायोटिक पाऊण तासाहून जास्त थांबवू नये.

लॅक्टेटची सिरिंज मावशी धावत आयसीयूतल्या, रक्तातले वायू मोजणाऱ्या एबीजी मशीनवर घेऊन गेल्या. ती टेबलावर पडून राहिली तर रक्तपेशी आतल्या आत लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून पंधरा मिनिटांच्या आत लागली पाहिजे. आरएमओ आठ अठ्ठावन्नला पोचले. नऊ वाजून तीन मिनिटांनी आयसीयूतून फोन आला: लॅक्टेट ४.६. तेव्हाही मॉनिटरवर बीपी १०२/५६ होतं. कोणीही "बीपी ठीक आहे" म्हटलं असतं. पण लॅक्टेट ४ किंवा जास्त असेल तर बीपी पडायची वाट न पाहता पाणी द्यायचं असतं. नऊ पाचला रिंगर लॅक्टेटची पहिली ५०० ची बाटली प्रेशर बॅगवर उघडली. आमच्या नव्या सिस्टरनं विचारलं की लॅक्टेट वाढलेलं असताना रिंगर लॅक्टेट कसं चालेल. प्रश्न चांगला आहे आणि दर बॅचला येतो. बाटलीतलं लॅक्टेट यकृत वापरून टाकतं. त्यानं रुग्णाचा आकडा फारसा हलत नाही. आणि वाढलेलं लॅक्टेट हे पेशींच्या हालाचं चिन्ह आहे, हालाचं कारण नव्हे. ग्लुकोजची सलाईन मात्र इथे उपयोगाची नाही.

नऊ दहाला बीपी ८६/४४ झालं. सरासरी दाब, म्हणजे एमएपी, ५८. पासष्टच्या वर हवा. पाच मिनिटांपूर्वीच पाणी सुरू झालेलं होतं याचं त्या क्षणी केवढं बरं वाटलं, ते सांगता येत नाही.

हिशेब असा: किलोला ३० मिली, ५४ किलो, म्हणजे साधारण १६२० मिली, पहिल्या तीन तासांत. पण ते आंधळेपणानं ओतायचं नसतं. प्रत्येक ५०० नंतर मी थांबले: श्वास परत मोजला, ऑक्सिजन पाहिला, पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवून चरचर ऐकली, बोटाचा रंग परत यायला किती लागतात ते पाहिलं. हृदय कमजोर असलेल्या किंवा डायलिसिसवरच्या रुग्णात हे थांबणं फार मोलाचं, पण "किडनीचा रुग्ण आहे" म्हणून पाणीच द्यायचं नाही, असंही नाही.

नऊ पंधराला कॅथेटर टाकलं. चाळीस मिली लघवी आली, गढूळ, तळाला पांढुरका गाळ. सॅम्पल पोर्टमधून कल्चरला घेतली. पुढे तासाला किमान अर्धा मिली प्रतिकिलो, म्हणजे आजींसाठी २७ मिली, हे ध्येय.

अँटिबायोटिक इतका वेळ का लागलं, हे मी लपवत नाही. आरएमओंनी नऊ वाजता मेरोपेनेम १ ग्रॅम लिहिलं. मधुमेह, लघवीचं इन्फेक्शन आणि शॉकची चाहूल. आपल्याकडे नेहमीच्या सेफालोस्पोरिनना न जुमानणारे जंतू इतके आहेत की अशा वेळी पहिल्या डोसात जुगार खेळता येत नाही. अॅलर्जी विचारली, नव्हती. क्रिएटिनिन यायचं होतं, पण पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो. किडनीप्रमाणे कमी-जास्त पुढच्या डोसांत करतात. सगळं ठरलं, आणि व्हायल वॉर्डात नव्हती. मुलगा चिठ्ठी घेऊन खाली मेडिकल स्टोअरला गेला. तिथे रांग होती. तो परत आला तेव्हा नऊ बावीस. २० मिली स्टेराइल वॉटरमध्ये विरघळवून पाच मिनिटांत हळू पुश दिला, कारण १०० मिलीच्या बाटलीत लावून अर्धा तास ठिबकत ठेवण्यात आणखी वेळ गेला असता. नऊ सव्वीसला पहिला डोस सुरू झाला. संशयापासून ४६ मिनिटं. त्यातली बावीस एका चिठ्ठीची.

शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासात अँटिबायोटिक, हे ठरलेलं आहे. शॉक नसेल आणि खात्री नसेल, तर झटपट तपासण्या करून तीन तासांपर्यंत थांबायला परवानगी आहे, म्हणजे उगाच प्रत्येक तापाला मोठं औषध लागत नाही. आजी कोणत्या बाजूला आहेत हे लॅक्टेटनं नऊ तीनला सांगितलं होतं.

नऊ चाळीसला, तास भरला तेव्हा, एक लिटर गेलं होतं. बीपी ९२/५०, एमएपी ६४. श्वास २८, म्हणजे अजून वाढलेलाच. ऑक्सिजन ९१ वर उतरला म्हणून मास्क लावला. न्यूज-२ परत काढला तर तो कमी झालेला नव्हता, उलट वाढला होता, कारण बीपी उतरलं होतं आणि ऑक्सिजन लावण्याचेही २ गुण धरावे लागतात. तासाभरात रुग्ण सुधारतोच असं नाही. पहिल्या तासानं एवढंच साधलं की पुढच्या उपचारांना हातात रुग्ण उरला.

कुशीतलं कारण

दहा वाजता पोर्टेबल सोनोग्राफी झाली. उजवी किडनी फुगलेली, मूत्रवाहिनीत खडा अडकलेला, वर साचलेल्या लघवीत गाळ. बूच बसलेल्या नळीमागे पू. अशा ठिकाणी कितीही भारी अँटिबायोटिक दिलं तरी नळी मोकळी केल्याशिवाय भागत नाही. १५०० मिली गेल्यावरही एमएपी ६१ वर अडकला, म्हणून दहा वीसला बीपी वर धरणारं नॉरअॅड्रेनॅलिन त्याच हिरव्या इंट्राकॅथमधून सुरू केलं. सेंट्रल लाइनची वाट पाहिली नाही. त्या जागेवर मी दर पंधरा मिनिटांनी हात फिरवून पाहिलं: त्वचा पांढरी पडली, गार लागली किंवा सूज दिसली तर औषध शिरेबाहेर गेलंय, लगेच बंद करून दुसरीकडे लावायचं. अकराला पंधरा कमी असताना आजी आयसीयूत गेल्या. रात्री दीडला युरोलॉजिस्टनी मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी नळी, म्हणजे डीजे स्टेंट, टाकला, तेव्हा पू दाबानं बाहेर आला असं थिएटरच्या सिस्टरनं सांगितलं.

लॅक्टेट पावणेबाराला ३.४ आणि सकाळी १.८. क्रिएटिनिन ३.१ वर जाऊन हळूहळू उतरलं, डायलिसिस लागलं नाही. कल्चरच्या दोन्ही संचांत इ. कोलाय वाढला, नेहमीच्या सेफालोस्पोरिनना न जुमानणारा, मेरोपेनेमला ऐकणारा. तिसऱ्या दिवशी बीपीचं औषध बंद झालं.

यानंतर वॉर्डात मोजक्याच गोष्टी बदलल्या, पण त्या टिकल्या. इमर्जन्सी ट्रॉलीच्या खालच्या खणात आता एक डबा आहे: कल्चरच्या चार बाटल्या, हिरव्या इंट्राकॅथ, एबीजी सिरिंज, रिंगरच्या दोन बाटल्या आणि तीन अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या व्हायली. डबा फोडला की बदली व्हायलीची चिठ्ठी नंतर जाते, रुग्ण आधी. चार्टवर श्वासाच्या चौकटीत आकड्यापुढे मोजल्याची वेळ लिहायची. याला सुरुवातीला विरोध झाला, कारण काम वाढलं. पण महिनाभरात चार्टवर १४, १६, २२, १९ असे वेगवेगळे आकडे दिसू लागले, आणि दहाजणींच्या नावापुढे एकाच मिनिटाची वेळ कोणी लिहू शकत नाही. अजून एक गोष्ट सुटलेली नाही: रात्री आयसीयूचं एबीजी मशीन रिकामं नसेल तर लॅक्टेट अडकतं. तेव्हा आम्ही बोटाच्या रंगावर आणि लघवीवर काम चालवतो.

अकराव्या दिवशी आजी घरी गेल्या. जाताना मी सुनेला दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. आत स्टेंट आहे, तो चार-सहा आठवड्यांत काढायचा आणि खड्याचंही तेव्हाच बघायचं; बरं वाटतंय म्हणून विसरायचं नाही, विसरलेला स्टेंट स्वतःच खडा होऊन बसतो. आणि थंडी वाजली, लघवी कमी झाली किंवा आई पुन्हा "अशाच बोलून राहिल्या" तर सकाळची वाट पाहायची नाही.

जूनच्या शेवटी, पहिला पाऊस पडल्यावर, त्या स्टेंट काढायला आल्या आणि वॉर्डात भेटून गेल्या. मी मनगट धरलं. आजी हसून म्हणाल्या, "मला म्हाईत आहे, तू नाडी नाही पाहून राहिली." मग गप्प राहिल्या आणि मिनिटभर मला मोजू दिलं. सोळा.